इंग्रजी व्होट ऑफ थँक्सचं मराठी आभारप्रदर्शन: माईकवर बोलता येईल असं कसं करायचं

प्रश्न: "मी तालुक्याच्या कॉलेजमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या सहकार्याने आमच्याकडे एक दिवसाचा सेमिनार आहे, विषय कोरडवाहू कापूस आणि गुलाबी बोंडअळी. आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं. सरांनी दोन पानांचा इंग्रजी ड्राफ्ट दिला आणि म्हणाले याचं मराठी करा, शेतकरी पण येणार आहेत. मी केलं, पण मोठ्याने वाचलं की दम लागतो आणि कोणीतरी पत्र वाचून दाखवतंय असं वाटतं. बोलल्यासारखं कसं करायचं?"

ताई, तुमचे मराठी शब्द बहुतेक बरोबरच असतील. दम लागतो तो वाक्याच्या रचनेमुळे. इंग्रजीत आभाराचं क्रियापद आधी येतं, मग माणूस, मग त्याने काय केलं त्याची लांब शेपटी. ऐकणाऱ्याला सुरुवातीच्या शब्दांतच कळतं की आभार चालू आहेत, त्यामुळे शेपटी कितीही लांबली तरी तो हरवत नाही. मराठीत क्रियापद शेवटी. तीच शेपटी आपण उचलून वाक्याच्या मधात कोंबतो, मग नाव एका टोकाला, "आभार" दुसऱ्या टोकाला, आणि मधातलं सगळं एका श्वासात म्हणावं लागतं. दम तिथेच लागतो, आणि समोरच्याचं लक्षही तिथेच सुटतं.

मी बरीच वर्षं आमच्या भागातल्या कॉलेजांत सूत्रसंचालन आणि अशी भाषांतरं करत आलोय, त्यामुळे जे सांगून राहिलो ते माईकपुढचं आहे, व्याकरणाच्या पुस्तकातलं नाही.

आधी एक गोष्ट. काही बाबी तुमच्या हातात नाहीत आणि त्या बदलायच्या भानगडीत पडू नका. नावांचा क्रम, कोणाला माननीय म्हणायचं, संस्थेच्या अध्यक्षांचं नाव विद्यापीठाच्या पाहुण्यांच्या आधी घ्यायचं की नंतर, हे तुमच्या कॉलेजच्या रिवाजावर असतं, तेवढं प्राचार्यांना नाही तर ज्यांनी ड्राफ्ट दिला त्या सरांना विचारून पक्कं करा. बाकी वाक्यं मात्र तुमची. आणि किती मोकळं बोलायचं हे हॉलमध्ये कोण बसलंय त्यावर आहे. नुसते प्राध्यापक असते तर थोडं पुस्तकी चाललं असतं. तुमच्याकडे शेतकरी येऊन राहिले, म्हणजे जे त्यांना कळेल तेच प्राध्यापकांनाही आवडेल, उलटं होणार नाही.

आता एक वाक्य घेऊन पूर्ण करून दाखवतो. अशा ड्राफ्टमध्ये बीजभाषणाच्या वक्त्यांसाठी हमखास असं काहीतरी असतं: 'ऑन बिहाफ ऑफ द ऑर्गनायझिंग कमिटी, आय वुड लाइक टू एक्सटेंड माय सिन्सियर ग्रॅटिट्यूड टू अवर कीनोट स्पीकर, हू, डिस्पाइट हिज बिझी शेड्यूल, काइंडली अ‍ॅक्सेप्टेड अवर इन्व्हिटेशन अँड एनलाइटन्ड अस विथ हिज व्हॅल्युएबल इनसाइट्स ऑन पिंक बोलवर्म मॅनेजमेंट.'

शब्दाला शब्द ठेवला की हे होतं:

"आयोजन समितीच्या वतीने मी आमच्या बीजभाषकांप्रती, ज्यांनी आपल्या व्यस्त वेळापत्रकातूनही आमचे आमंत्रण कृपापूर्वक स्वीकारले आणि गुलाबी बोंडअळी व्यवस्थापनाविषयीच्या आपल्या मौल्यवान अंतर्दृष्टीने आम्हाला प्रबुद्ध केले, माझी प्रामाणिक कृतज्ञता व्यक्त करू इच्छिते."

मोजून पाहा, "बीजभाषकांप्रती" पासून "माझी प्रामाणिक कृतज्ञता" पर्यंत मधात 18 शब्द आहेत. तेवढा वेळ हॉलमधल्या माणसाने "बीजभाषकांप्रती काय?" हा प्रश्न डोक्यात धरून बसायचं. कागदावर डोळा मागे जाऊ शकतो, कानाला मागे जाता येत नाही. शिवाय शेवटी "करू इच्छिते". इंग्रजीत वुड लाइक टू म्हणजे निव्वळ अदब, पण मराठीत इच्छिते म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं अजून आभार मानायचे बाकीच आहेत. सरळ "मानते" म्हणा, अदब कमी होत नाही.

माझी पद्धत अशी की इंग्रजीच्या एका वाक्याचे तीन-चार तुकडे करायचे. एका तुकड्यात माणसाने काय केलं, एकात तो कोण आणि कुठून आला, आणि आभार अगदी शेवटी, वेगळ्या छोट्या वाक्यात. प्रत्येक तुकडा आपापलं क्रियापद घेऊन पूर्ण झाला पाहिजे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तुम्हाला श्वास घेता येतो आणि ऐकणाऱ्याला मागचं सोडून पुढे येता येतं. तेच वाक्य मग असं होईल:

"आज सकाळी सरांनी बोंडअळीवर बोलताना नुसत्या स्लाइड दाखवल्या नाहीत. कामगंध सापळा हातात घेतला, त्यात ल्यूर कशी बसवायची ते करून दाखवलं. मागच्या रांगेतल्या काकांनी फरदडीचं विचारलं, तर सर स्टेजवरून खाली उतरून त्यांच्याजवळ गेले आणि समजावून सांगितलं. त्यासाठी सर आज अकोल्याहून पहाटे निघाले होते. सर, आमच्या सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार."

शब्द जास्त झाले, हो. पण वाचायला हे सोपं जातं. आणि पाहा, डिस्पाइट हिज बिझी शेड्यूल कुठे गेलं? "पहाटे निघाले" यात आलं. व्हॅल्युएबल इनसाइट्स सापळ्यात आलं. इंग्रजी भाषणात विशेषणं आदराचं काम करतात, तिथे ती रीत आहे आणि चांगली वाटते. आपल्याकडे माणसाने काय केलं ते नेमकं सांगितलं की आदर आपोआप येतो, "मौल्यवान" म्हणायची गरज पडत नाही. विशेषणाला विशेषण शोधत बसलं की "अंतर्दृष्टी" आणि "प्रबुद्ध" हाती लागतं, त्या जागी कृती शोधा.

आता तुम्ही म्हणाल सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे, सर सापळा दाखवतील की नाही मला आज काय माहीत. बरोबर. म्हणून मी ड्राफ्टमध्ये जागा रिकामी ठेवतो. प्रत्येक वक्त्याच्या नावाखाली दोन ओळी कोऱ्या. सत्र चालू असताना पेन घेऊन बसायचं आणि प्रत्येकाच्या भाषणातली एकच गोष्ट टिपायची, शक्यतो जी डोळ्याला दिसली किंवा ज्यावर हॉलमध्ये चुळबुळ झाली, कोणी प्रश्न विचारला, कोणी हसलं. सिद्धांत टिपू नका, तो दोन वाक्यांत सांगता येत नाही आणि चुकीचा सांगितला तर वक्त्यासमोरच चुकतो. फरदडीचंच घ्या. फरदड का नको, त्याचं कारण थोडक्यात एवढंच आहे की हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवली तर बोंडअळीला खायला मिळत राहतं आणि तिची साखळी तुटत नाही. हे सरांनी नीट सांगितलेलं असणार, तुम्ही आभारात परत समजवायला जाऊ नका. "काकांनी फरदडीचं विचारलं" एवढ्यावर थांबा, लोकांना आठवतं.

शब्दांवरून आठवलं, या विषयात शेतकऱ्याचे स्वतःचे शब्द तयार आहेत आणि ते इंग्रजीपेक्षा नेमके आहेत, तेच वापरा. फरदडीला इंग्रजी ड्राफ्टमध्ये एक्सटेंडेड क्रॉप किंवा रॅटून असेल, त्याचं "विस्तारित पीक" केलं तर कोणाला कळणार नाही. पिकिंग म्हणजे वेचणी. फेरोमोन ट्रॅप म्हणजे कामगंध सापळा, हा शब्द कृषी विभागाच्या पत्रकांमुळे गावोगाव पोचलाय. आणि स्टेकहोल्डर्स आला तर त्याचं "भागधारक" करू नका, भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर घेतलेले लोक. तिथे जे खरंच आलेत त्यांची नावं घ्या: शेतकरी, कृषी केंद्रवाले, कृषी सहायक, जिनिंगवाले. डेलिगेट्सचं "प्रतिनिधी" केलं तर लोकप्रतिनिधी आल्यासारखं वाटतं, "बाहेरून आलेले प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी" म्हणा.

पुढचा मुद्दा छोटा दिसतो पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. वरच्या शब्दशः वाक्यात "आपल्या" दोनदा आहे आणि "आमचे" एकदा. इंग्रजीत हिज आणि अवर वेगळे ऐकू येतात. मराठीत "आपल्या" म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पण होतं, आपल्या सगळ्यांच्या पण होतं, आणि समोरच्याला आदराने बोलताना तुमच्या पण होतं. "सरांनी आपल्या व्यस्त दिनक्रमातून आपल्या महाविद्यालयासाठी आपला वेळ दिला आणि आपल्याला मार्गदर्शन केलं", यात चार वेळा आपला आलं आणि मालक मात्र बदलत राहतो. वाचणाऱ्याला अंदाज येतो, ऐकणाऱ्याला ते नुसतं गुणगुणणं वाटतं. मी सरळ नियम ठेवलाय. पाहुण्याच्या वस्तूला "आपला" लावायचाच नाही, तो शब्द गाळला तरी अर्थ जात नाही: "सरांनी वेळ काढला." आयोजक म्हणून बोलताना "आम्ही, आमचं". पूर्ण सभागृह मिळून काही ऐकलं, पाहिलं तर "आपण". आणि पाहुण्यांना थेट बोलायचं तर "तुम्ही". इंग्रजीच्या वी वर आलं की दर वेळी थांबून विचारा, हे वी म्हणजे कॉलेज की सगळा हॉल? कॉलेजने बोलावलं म्हणून "आम्ही बोलावलं", पण भाषण सगळ्यांनी ऐकलं म्हणून "आपण ऐकलं". इथे "आम्ही ऐकलं" म्हटलं की समोर बसलेले शेतकरी त्या वाक्याच्या बाहेर पडतात.

"तुम्ही" वरून अजून एक. पुस्तकी मराठीत "तुम्ही आलात, तुम्ही थांबलात" असं असतं. आपल्याकडे वऱ्हाडात घरी-दारी सगळे "तुम्ही आले, तुम्ही थांबले" म्हणतात आणि त्यात आदर कुठेच कमी नाही. व्यासपीठावरच्या विद्यापीठाच्या पाहुण्यांना "आलात" म्हणा, ते शोभतं. पण समोरच्या काकांकडे वळून बोलाल तेव्हा "काका, वेचणीचे दिवस असूनही तुम्ही सगळे आले आणि शेवटपर्यंत बसले" असंच म्हणा. "आलात, बसलात" म्हटलं की तेवढ्यासाठी आवाज बदलल्यासारखा होतो. त्याच्या पुढे जाऊन पूर्ण वऱ्हाडीत दोन वाक्यं घालावीत का, असं पुष्कळ जण विचारतात. तुम्ही घरी वऱ्हाडी बोलत असाल तर जरूर, नसाल तर नको, उसनं घेतलेलं पहिल्या शब्दाला ओळखू येतं आणि ऐकणाऱ्याला आपली नक्कल केल्यासारखं लागतं.

आता प्राचार्य आणि आयक्यूएसीचा परिच्छेद. इथे रिकामी जागा ठेवून भागत नाही कारण ही माणसं भाषण देत नाहीत, यांचं काम आधीच झालेलं असतं. इंग्रजीत असतं 'फॉर हिज कॉन्स्टंट सपोर्ट अँड व्हॅल्युएबल गाइडन्स', आणि खाली 'विदाउट हूम धिस सेमिनार वुड नॉट हॅव बीन पॉसिबल'. "सततचा पाठिंबा", "ज्यांच्याशिवाय हे चर्चासत्र शक्य झाले नसते". मराठी म्हणून यात व्याकरणाची चूक नाही, पण हे कोणालाही लावता येतं, आणि म्हणूनच कोणालाच लागत नाही. माझी रीत अशी की संयोजकांना आदल्या दिवशी फोन करायचा आणि प्रत्येक नावामागे एकच प्रश्न विचारायचा, यांनी नेमकं काय केलं? उत्तरं फार साधी येतात. प्राचार्यांनी परीक्षेच्या कामासाठी ठेवलेला मोठा हॉल दोन दिवसांसाठी मोकळा करून दिला. आयक्यूएसीच्या मॅडमनी विद्यापीठाशी पत्रव्यवहार केला, तारीख दोनदा बदलली तरी धीर सोडला नाही. बस, तेच बोलायचं:

"या कार्यक्रमाला सगळ्यात आधी हो म्हणाले ते आमचे प्राचार्य. हॉल परीक्षेसाठी ठेवला होता, तो सरांनी दोन दिवसांसाठी आम्हाला दिला. सरांचे आभार. विद्यापीठाशी पत्रव्यवहार, परवानगी, तारीख, हे सगळं आयक्यूएसीच्या मॅडमनी सांभाळलं. मॅडम, तुमचे पण मनापासून आभार."

आयक्यूएसीचं "अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष" बॅनरवर असू द्या, बोलताना आयक्यूएसीच म्हणा, कॉलेजात दिवसभर तोच शब्द चालतो. तसंच कार्यक्रमपत्रिकेत साधनव्यक्ती असेल, तोंडी "तज्ज्ञ वक्ते" चांगलं वाटतं.

इथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. संस्थेचे पदाधिकारी किंवा कुलगुरूंसारखी पदावरची व्यक्ती असेल आणि त्यांनी नेमकं काय केलं ते तुम्हाला मिळालंच नाही, तर ओढूनताणून काही रचू नका. तिथे औपचारिक वाक्यच बरं: "कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय अमुक साहेब आज आवर्जून उपस्थित राहिले, त्यांचे महाविद्यालयाच्या वतीने आभार मानते." छोटं, स्वच्छ, आणि पुढे. "महाविद्यालयाच्या वतीने" हा तुकडा पूर्ण भाषणात असा एकदाच येऊ द्या, इंग्रजी ड्राफ्टमध्ये ऑन बिहाफ ऑफ प्रत्येक परिच्छेदात असतं म्हणून तुम्हीही प्रत्येक वेळी आणू नका.

शेवटच्या परिच्छेदाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे इंग्रजीतला सभ्य वाक्प्रचार मराठीत अपमान होऊन बसतो. लास्ट बट नॉट द लीस्ट. "शेवटचे परंतु कमी महत्त्वाचे नाहीत असे आमचे शिक्षकेतर कर्मचारी". ज्याला कमी महत्त्वाचा नाही असं मुद्दाम सांगावं लागतं त्याला तेवढंच ऐकू येतं. हा वाक्प्रचार पूर्ण काढून टाका, त्याच्या जागी काहीही ठेवायचं नाही. सरळ कामावर या:

"काल संध्याकाळी हा हॉल रिकामा होता. खुर्च्या, सतरंज्या, बॅनर, पाण्याचे जार, हे सगळं आमच्या शिपाई दादांनी आणि एनएसएसच्या पोरा-पोरींनी रात्री उशिरापर्यंत थांबून लावलं. दुपारी आपण जी वांग्याची भाजी आणि पोळी खाल्ली, ती बचत गटाच्या ताईंनी पहाटेपासून रांधली. सकाळी लाइट गेली होती, तरी माईक एकदाही बंद पडला नाही, साउंडवाल्या दादांनी जनरेटर तयार ठेवला होता. या सगळ्यांचे आभार, आणि यांच्यासाठी एकदा जोरात टाळ्या."

लाइट गेली की नाही, भाजी कोणती होती, हे त्या दिवशी भराल. पण या लोकांची वाक्यं मोठ्या पाहुण्यांइतकीच लांब ठेवा, आखडू नका, आणि शक्य असेल तिथे नाव घ्या. बचत गटाचं नाव असतं, ते घ्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या ताईंना माईकवर आपल्या गटाचं नाव ऐकू येतं तेव्हा पूर्ण हॉल तिकडे वळून पाहतो, हे मी अनेक कार्यक्रमांत पाहिलंय. क्रम शेवटचा असला तरी तो मान कमी पडत नाही.

एवढं झालं की पूर्ण मसुद्याची एक तपासणी करा, ही माझी सगळ्यात आवडती आहे. प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द मोठ्याने वाचत खाली या. "मानते, मानते, मानते, व्यक्त करते, मानते" असं येत असेल तर हॉलला पण तेच ऐकू येणार, कारण मराठीत वाक्याचं वजन शेवटी पडतं. इंग्रजीत आय थँक सुरुवातीला पुन्हा पुन्हा आलं तरी वाक्याचा शेवट दर वेळी वेगळा असतो, म्हणून तिथे ते खटकत नाही. उपाय म्हणून "ऋणनिर्देश", "कृतज्ञता", "धन्यवाद ज्ञापित करते" असे जड पर्याय शोधू नका. क्रियापद गाळा. "सरांचे आभार." पूर्ण वाक्य आहे. मधात कृतीची वाक्यं आली की शेवट आपोआप बदलतात, "दाखवलं, सांगितलं, होते, आभार", आणि लय तिथूनच येते. एकामागे एक तीनदा "मानते" आलं तर मधलं बदलायचं, एवढं धोरण पुरतं. "आभार मानून मी तुम्हाला परकं करणार नाही, ऋणातच राहू इच्छिते" हे वाक्य पण शक्यतो टाळा, आपल्या भागात ते दर कार्यक्रमात होतं आणि वक्ते ते ऐकताना घड्याळ पाहतात.

याच वाचनात अजून दोन गोष्टी हाती लागतील. एक म्हणजे रूपं. लिहिताना "केले, सांगितले" येतं, बोलताना "केलं, सांगितलं". कागदावरच बोली रूप लिहून ठेवा, माईकवर ऐनवेळी बदलू म्हटलं तर अर्धी वाक्यं एक आणि अर्धी एक अशी होतात. दुसरं, इंग्रजी आय ला लिंग नसतं. तुमच्या सरांनी एखाद्या जुन्या मराठी भाषणातले तुकडे दिले असतील तर त्यात "मानतो, समजतो, थांबतो" राहून गेलेलं असतं, ते शोधून "मानते, समजते, थांबते" करा. तसंच पाहुण्या मॅडम असतील तर "मॅडम आल्या, मॅडमनी सांगितलं". आणि "यांच्याद्वारे करण्यात आलेले मार्गदर्शन" असलं काही दिसलं की ते "यांनी सांगितलं" करा, इंग्रजीतलं बाय म्हणजे मराठीत बहुतेक वेळा नुसतं "नी" असतं.

सुरुवात आणि शेवट मी सगळ्यात शेवटी लिहितो. इट गिव्ह्ज मी इमेन्स प्लेजर टू प्रपोज द व्होट ऑफ थँक्स याचं "मला अपार आनंद होत आहे" करू नका. दिवसभर बसून लोक थकलेले असतात, चहाची वाट पाहत असतात, त्या वेळी तुमच्या आनंदाचं वाक्य कोणी धरत नाही. "व्यासपीठावरचे सगळे मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो, सकाळपासून आपण खूप ऐकलं, खूप विचारलं. आता दोन-तीन मिनिटं आभाराची." एवढं म्हणून थेट पहिल्या नावावर. किती मिनिटं ते मात्र खरं सांगा. थांबत-थांबत बोललं तर माईकवर मिनिटाला 100 ते 120 शब्द होतात, म्हणजे 400 शब्दांचा मसुदा चार मिनिटांच्या आत-बाहेर जातो. त्याहून मोठा झाला तर नावं गाळू नका, कृतीची वाक्यं एकेक कमी करा, कारण एखादं नाव सुटलं तर ते वर्षभर लक्षात राहतं.

शेवटाला इंग्रजीत नुसतं थँक यू असतं. आपल्याकडे आभारप्रदर्शनाला अजून एक काम असतं, कार्यक्रम संपल्याचं सांगणं, आणि ते अध्यक्षांच्या परवानगीने. "अध्यक्षांच्या परवानगीने हा कार्यक्रम संपल्याचं जाहीर करते. राष्ट्रगीत होईल, सगळ्यांनी जागेवर उभं राहावं, आणि त्यानंतर प्रमाणपत्रं बाहेर टेबलवर मिळतील." राष्ट्रगीत आहे की नाही ते सूत्रसंचालन करणाऱ्याला आधी विचारून ठेवा. नाही तर तुम्ही धन्यवाद म्हणताच खुर्च्या सरकायला लागतात आणि मग राष्ट्रगीतासाठी लोकांना थांबवणं कठीण जातं.

एखादे पाहुणे मराठी न कळणारे असतील, आपल्याकडे आदिलाबाद किंवा हैदराबादकडून येतात तसे, तर त्यांच्यापुरती दोन वाक्यं हिंदीत किंवा इंग्रजीत त्यांच्याकडे पाहून बोला आणि परत मराठीत या. तिथे सरांच्या इंग्रजी ड्राफ्टमधलं मूळ वाक्य जसंच्या तसं कामाला येतं.

कागद करताना अक्षर मोठं घ्या, 18 च्या आसपास, एका माणसाचे आभार एका परिच्छेदात, आणि नाव एका पानावर आणि आभार दुसऱ्या पानावर असं होऊ देऊ नका. "प्रा. डॉ." असं लिहिलं असेल तर वर पेन्सिलने पूर्ण उच्चार लिहा. पाहुण्यांच्या आडनावाचा उच्चार त्यांनाच जेवणाच्या वेळी विचारा, पत्रिकेवरून अंदाज लावू नका. प्रत्येक "आभार" नंतर एक उभी रेघ मारा, तिथे थांबायचं, टाळ्या पडल्या तर पडू द्यायच्या, नाही पडल्या तर एक श्वास घेऊन पुढे जायचं.

आणि आदल्या रात्री घरच्या कोणालातरी, जो कॉलेजातला नाही, एकदा वाचून दाखवा, कागद त्याच्या हातात न देता. वाचून झालं की विचारा, कोणाकोणाचे आभार मानले आणि कशासाठी? ज्या नावापुढे त्याला "कशासाठी" आठवलं नाही, तेवढाच परिच्छेद परत लिहा. वरच्या दोन-तीन तुकड्यांवरून तुमचं जमलं की इथे टाका, मी पाहून सांगतो.